चार दिवसांची बदली

उखाआप्पांच्या दुकानात शिरलं की आधी पाटी दिसायची, मग आप्पा, मग पुस्तकं. पाटी चांगली दोन हात लांब होती. वर सरकारी गुजराती छापील कागद चिकटवलेला आणि त्याखाली आप्पांनी स्वतःच्या अक्षरात, निळ्या मार्करनं, मराठीत लिहिलेलं. चौदा वर्षांच्या आतलं मूल कामावर नाही. चौदा ते अठरा वयाला सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातच्या नंतर नाही. सलग तीन तासांवर नाही, मग एक तास सुट्टी. सुट्टी धरून सहा तासांत सगळं आटोपायचं. जादा काम नाही. आठवड्याला एक दिवस रजा. एका दिवशी दोन ठिकाणी काम नाही.

गिऱ्हाइकं हसायची. पर्वत पाटियाच्या वर्दळीत वह्या-पुस्तकांचं एवढंसं दुकान, आणि पाटी बघा कारखान्याची! पण आप्पांना हे ज्ञान फुकट मिळालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बहिणीच्या तेरा वर्षांच्या नातवाला गल्ल्याजवळ बसवलं होतं, तोही शाळेच्या वेळात. तपासणीला माणसं आली तेव्हा आप्पा छाती काढून म्हणाले, "घरचाच पोरगा आहे." साहेबांनी शांतपणे समजावलं की आई-बापाला, सख्ख्या काका-मामाला, आत्या-मावशीला पोरानं शाळा सांभाळून मदत केलेली चालते, पण आजीचा भाऊ त्यात बसत नाही. आप्पांना वीस हजारांचा दंड भरावा लागला. तेव्हापासून कायदा त्यांना हनुमान चालिसेसारखा तोंडपाठ झाला होता आणि दिवसातून तितक्याच वेळा ते तो म्हणायचे.

म्हणूनच दिपाली मे महिन्याच्या सुट्टीत काम मागायला आली तेव्हा आप्पांनी तिला आधी जन्माचा दाखला आणायला लावला. फेब्रुवारीत पंधरा पूर्ण. मग बापाला बोलावून त्याची सही घेतली, कामगार खात्याला कळवायचं पत्र तिच्यासमोर लिहिलं आणि हजेरीचं एक वेगळं रजिस्टर उघडलं. दहा ते एक काम, एक ते दोन सुट्टी, दोन ते चार काम, गुरुवारी रजा. शिडीवर चढायचं नाही, कागद कापायच्या मशीनला हात लावायचा नाही. इयत्तेप्रमाणे पुस्तकांचे संच लावायचे, कव्हरं घालायची, लेबलं चिकटवायची. पगार सरकारी दरानं, तासांच्या हिशेबात.

"आणि एक ते दोन मध्ये काय करशील?" आप्पांनी विचारलं.

"डबा खाईन."

"डबा वीस मिनिटांचा. उरलेल्या वेळात गणित."

गणितातच तर सगळी मेख होती. नववीत दिपालीला गणितात अडतीस मिळाले होते. शाळा जूनपासून दहावीच्या पोरांसाठी गणिताचा जादा वर्ग घेणार होती, एक पैसा न घेता. पण वर्ग सकाळी पावणेसातला, आणि लिंबायतच्या त्यांच्या गल्लीतून त्या वेळी शेअर रिक्षा मिळत नाही. मिळाली तर ती भरल्याशिवाय हलत नाही. सायकल असली तर पंधरा मिनिटांचा रस्ता. सायकलीच्या दुकानातली एक काळी सायकल तिनं हेरून ठेवली होती, आणि महिनाभर आप्पांकडे काम केलं की ती तिची होणार होती. घरात कुणाकडे हात पसरायचा नव्हता, याचंच तिला जास्त अप्रूप होतं.

दहा दिवस छान गेले. अकराव्या दिवशी घरात लग्नाची पत्रिका येऊन पडली.

दिपालीची आई सरलाबाई लिंबायतमधल्याच एका लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायची. सकाळी सातला मशीनसमोर बसायचं, फिरत्या बॉबिनांवर सूत चढताना बघत राहायचं, तुटलं की गाठ मारायची, संध्याकाळी सातला उठायचं. नऊ वर्षं तिची तीच जागा होती, खिडकीजवळची. आता अमळनेरकडे तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं होतं. मे महिन्यात अर्धी लिंबायत खान्देशात लग्नं खायला जाते आणि कारखान्यात माणसं कमी पडतात. म्हणून तिथला रिवाज असा, की चार दिवस जायचं तर बदली देऊन जायचं. तीही घरातलीच. बाहेरची बाई बदलीला बसली की ती परत उठत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्याचा गोपाल मास्टर तर तोंडावर सांगायचा, "घरचं माणूस बसव आणि खुशाल जा. नाही बसवलं तर जागा दुसऱ्याची."

"दिपा, चारच दिवस शेतस," सरलाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आप्पाले सांग, ताप उना."

"माले नही जानं माय. आप्पा दुसरी पोर ठेवी लेतीन."

"आन मनी जागा गई ते? मंग सायकलवर बठीसन काय चाटशी?" सरलाबाईचं लाटणं थांबलं. "हळदीले फुईच नही ते लोके काय म्हंतीन? नऊ वरीसमा एक डाव मांगी राहिनू."

दिपालीनं बापाकडे पाहिलं. भगवान पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करायचा. तो ताटातल्या भाजीकडे इतका टक लावून पाहत होता, जणू निवाडा तिथेच लिहिला होता. बापाचं असं गप्प बसणं दिपालीला आईच्या बोलण्याहून जास्त लागलं.

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पोरीनं मनात भलताच बेत केला. दुसऱ्या दिवशी आई भुसावळच्या गाडीत बसली आणि दिपाली गोपाल मास्टरसमोर जाऊन उभी राहिली. "मी सात ते साडेनऊ बसते आणि साडेचारला परत येते. मधला वेळ शेजारच्या मशीनवाल्या मावशी बघतील." मास्टरनं डोकं खाजवलं. लगीनसराईत त्यालाही दुसरं कोण मिळणार होतं? "संध्याकाळी कसर भरून काढायची," तो म्हणाला. "आठ वाजले तरी उठायचं नाही."

म्हणजे पाटीवरच्या ओळीमागून ओळ तिनं पहिल्याच दिवशी मोडली, आणि त्या पाटीखाली उभी राहून कव्हरंही घालत राहिली. पण दोन्ही कामं अशी निभतात असं तिला वाटलं असेल तर ते चुकीचं होतं. कारखान्यात आवाज एवढा, की दुकानात आल्यावरही तासभर तिला माणसांची तोंडं हलताना दिसायची आणि शब्द उशिरा पोचायचे. एक ते दोनच्या सुट्टीत ती पहिल्यांदाच वहीवर डोकं टेकून झोपली. रात्री साडेआठला घरी आली, बापाचा डबा भरला, आणि गणिताचं पुस्तक पिशवीतून बाहेरच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, एक गृहस्थ दुकानात आले ते संतापूनच. सातवीच्या हिंदी माध्यमाच्या संचात गुजराती माध्यमाचं गणित निघालं होतं. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं आली, तीच तक्रार घेऊन. सगळे संच दिपालीनं आदल्या दिवशी लावलेले.

आप्पांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली, पुस्तकं बदलून दिली, आणि मग चष्म्यावरून दिपालीकडे पाहिलं. तिच्या वेणीत पांढऱ्या सुताचे बारीक तुकडे अडकले होते.

"हे काय गं?"

"आईच्या साडीचं असेल," दिपाली म्हणाली.

आप्पांनी कदाचित ते मान्य केलंही असतं. पण त्याच वेळी त्यांची बायको अनुसयाबाई ताकाचा तांब्या घेऊन मागच्या खोलीतून आली. अनुसयाबाईनं लग्नानंतरची चौदा वर्षं बॉबिनवर काढली होती. गुडघे गेले तेव्हा ती उठली ती पुन्हा कारखान्याच्या दारातही न फिरकण्याची शपथ घेऊनच. तिनं दिपालीला ताक द्यायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबवला.

"हात दखाड."

दिपालीनं हात मागे घेतला.

"दखाड म्हंतस ना!" अनुसयाबाईनं तिचं मनगट धरून उजव्या हाताचं पहिलं बोट उजेडात वळवलं. पेराच्या आतल्या बाजूला ताजी चीर होती, ब्लेडनं आखल्यासारखी. अनुसयाबाईनं आपलं बोट शेजारी धरलं. तिथेही तीच रेघ होती, जुनी आणि पांढरी पडलेली. "सूत धरीसन पडस ही. घरनी साडीमा पडत नही. कोना कारखानामा जास तू?"

दिपाली रडली नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, भराभर. आईचं लग्नाला जाणं, बदली, सात ते साडेनऊ, रात्रीचे आठ.

आप्पांनी हजेरीचं रजिस्टर ओढलं. कालच्या आणि आजच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "काल दोन ठिकाणी. आज दोन ठिकाणी. सकाळी सातपासून." ते एकेक शब्द तोडून बोलत होते. "पुन्हा कुणी आलं तर मी काय सांगू? मला माहीत नव्हतं म्हणून? ही एवढी पाटी लावून?"

"आप्पा, दोनच दिवस राहिले—"

"आणि त्या मशीनचा पट्टा? तुझी ओढणी गेली असती त्यात, तर? मग दोन दिवस कुणी मोजले असते?" आप्पांचा आवाज चढला होता. "आज तू तिकडे काम करून आलीस. आता इथं मी तुला काम देऊ शकत नाही. घरी जा."

"उद्या येऊ?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. ते खरं म्हणजे त्यांना सुचलंच नव्हतं, पण दिपालीला ते नाहीच वाटलं. तिच्या डोळ्यांसमोरून काळी सायकल निघून गेली. आणि त्याहून मोठी भीती अशी, की आता कारखान्यातही गेली नाही तर आईची नऊ वर्षांची जागा जाणार, तिच्यामुळे. तिनं पिशवी उचलली. "मग मी इथलं सोडते," ती म्हणाली. "आईची जागा नाही जाऊ देणार. तुमच्या पाटीवर माझ्या आईचं काय करायचं ते लिहिलेलं नाहीये."

हे मात्र आप्पांना झोंबलं. पाटी त्यांना तोंडपाठ होती, पण पोरगी म्हणत होती ते पाटीवर खरोखर कुठे नव्हतं.

अनुसयाबाईनं ताकाचा तांब्या गल्ल्यावर ठेवला. ती बाहेर जायच्या चपला शोधू लागली. "मास्तरले घरनं मानूस पायजे ना? चाल."

"तू कुठे निघालीस?" आप्पा उठून उभे राहिले. "तुझे गुडघे—"

"गुडघा मना शेतस. रजिस्टर तुमनं शे. ते सांभाळा."

दुपारच्या उन्हात दोघी रिक्षानं लिंबायतला आल्या. कारखान्याच्या दारात अनुसयाबाई क्षणभर थांबली. आतून लूमचा खडखडाट येत होता आणि तेल लागलेल्या सुताचा वास. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, केस अंबाड्यात आवळले आणि पायरी चढली.

गोपाल मास्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. "हे कोण? मी घरचं माणूस म्हटलं होतं."

"सरलाच्या गावाकडची आहे मी," अनुसयाबाई म्हणाली. खोटं ती बोलली नाही. "पोरगी पंधराची. बारा तासांची पाळी तिला कुठल्याच कायद्यात बसत नाही. तपासणी आली तर शेठ तुला पुढे करेल, हे तुला ठाऊक आहे की नाही?"

"मावशी, इथं सगळ्याच कारखान्यांत—"

"बाकीचं मी बघायला आले नाही. सरलाची मशीन कुठली?"

खिडकीजवळची मशीन सुरू झाली. अनुसयाबाई बसली तेव्हा गुडघ्यातून कळ आली ती तिच्या तोंडावर दिसली. पण हात काही विसरले नव्हते. सूत तुटायच्या आधीच तिची बोटं तिथे पोचत होती, गाठ कधी बसली ते दिसतही नव्हतं. मास्टर आधी बाजूला उभा राहून बघत होता, मग जवळ आला. दहा मिनिटांत त्याचा सगळा सूरच पालटला.

"मावशी," तो गोड होऊन म्हणाला, "तुम्हीच या ना कायमच्या. सरलाहून चांगला हात आहे तुमचा."

वाचवायला आणलेल्या माणसानंच आईची जागा घेतली होती! तिला वाटलं, धावत जाऊन मशीन बंद करावी. आईला काय तोंड दाखवू? बदली दिली ती अशी, की जागाच गेली?

अनुसयाबाईनं मशीन थांबवली आणि उठून उभी राहिली.

"काय झालं?" मास्टर दचकला.

"आज धरून तीन दिवस मी बसेन. चौथ्या दिवशी सकाळी सातला इथं सरला बसणार. हे चार बायांसमोर मोठ्यानं बोल. नाहीतर मी ही चालले."

मास्टरनं आजूबाजूला पाहिलं. तीन मशीन बंद पडलेल्या होत्या, त्यांच्या बाया गावाला. भरलेल्या बॉबिनांसाठी लूमवरची माणसं ओरडत होती. शेजारच्या मशीनवरच्या बायांनीही हात आवरते घेऊन माना वळवल्या होत्या.

"बरं बाई, बरं," तो म्हणाला. "सरलाची जागा सरलाची. बसा आता."

संध्याकाळी दिपालीनं आईला फोन लावला. पलीकडे हळदीची गाणी आणि डीजे एकदमच चालू होते. तिला दोनदा सांगावं लागलं.

"दुसरानी बायको बठाडी तू मनी जागावर?" सरलाबाई एवढंच म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दिपाली दुकानाच्या पायरीवर उभी होती, आत जायचं की नाही हे न कळून. आप्पांनी वर न पाहता रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. कालच्या रकान्यात त्यांनी तिला घरी पाठवल्याची वेळ खरीखुरी लिहिली होती, आणि आजचा रकाना कोरा होता. "सही कर," ते म्हणाले. "आणि सातवीचे सगळे संच पुन्हा तपास." दोन दिवस अनुसयाबाई कारखान्यात गेली, रात्री गुडघ्यांना तेल चोळून घेतलं, आणि ताक मात्र आप्पांनी केलं. ते पातळ होतं.

गाडी पहाटेची होती. सरलाबाई स्टेशनवरून थेट कारखान्यात गेली. खिडकीजवळची जागा रिकामी होती. ती बसली. पण दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, डोक्याला रुमाल तसाच बांधलेला आणि हातात लग्नाच्या बुंदीचा डबा अशी ती दुकानात येऊन उभी राहिली तेव्हा दिपालीच्या हातातली पेन्सिल वहीवर जागच्या जागी थांबली. पावणेदोन वाजले होते.

"बसा सरलाबाई," आप्पा चाचरत म्हणाले.

सरलाबाई बसली नाही. "माझ्या पोरीनं माझ्या मागे माझी अब्रू बाजारात आणली, आप्पा. चार दिवसांचं काम. पोरी करत नाहीत का आईचं काम?"

कायदा तोंडपाठ असून आप्पांना आज सांगता येईना. त्यांनी नुसतं पाटीकडे बोट केलं.

सरलाबाई पाटीकडे बघत राहिली. अक्षरं तिला लावून लावून वाचावी लागायची. "काय लिखेल शे?" तिनं दिपालीला विचारलं. "वाच."

दिपालीनं उठून वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आवाज कापत होता तरी थांबली नाही. दोन ठिकाणी काम नाही, इथपर्यंत येऊन ती गप्प झाली आणि आई आता ओरडणार म्हणून वाट बघत राहिली.

सरलाबाई ओरडली नाही. "पहिली ओय परत वाच," ती म्हणाली.

"चौदा वर्षांच्या आतलं मूल कामावर नाही."

अनुसयाबाई आतून बाहेर आली होती, भिंतीला धरून. सरलाबाईनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि मग स्वतःचा उजवा हात उलटा करून पेराच्या आतली ती रेघ बघत राहिली. जणू ती आजच उमटली होती.

"मी अकराची व्हती," ती म्हणाली. "पाचवीमा. मनी माय मावशीना लगीनले गई आन माले तिनी जागावर बठाडं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तिनी बी चारच दिवस सांगेल व्हतात."

दिपालीला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण दुकानात एक गिऱ्हाईक शिरत होतं. तिनं वही मिटली आणि काउंटरकडे निघाली.

सरलाबाईनं तिचा दंड धरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बराच वेळ लावून पाहिलं, आणि बुंदीचा डबा गल्ल्यावर ठेवून ती स्वतःच गिऱ्हाइकाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आजून दहा मिनिटं शेतस," ती मागे न बघता म्हणाली. "बठ. तुनं गणित व्हऊ दे."